ऑक्सिजनशेजारी कोण आहे?

फिनॉलच्या पातळ द्रावणात ब्रोमीनचे पाणी थेंबाथेंबाने सोडले, की तपकिरी रंग मिसळता मिसळताच जातो आणि पांढरा साका पडतो. उत्प्रेरक लागत नाही, उष्णता लागत नाही. तीन ब्रोमीन अणू वलयावरच्या तीन हायड्रोजनांच्या जागा घेतात, दोन ऑर्थो आणि एक पॅरा, आणि 2,4,6-ट्रायब्रोमोफिनॉल तयार होते. बेंझीनला ब्रोमीनचे पाणी हालवत नाही. तिथे शुद्ध ब्रोमीन आणि सोबत लोहाचा ब्रोमाइड असल्याशिवाय एकही हायड्रोजन जागा सोडत नाही. पाठ्यपुस्तकात या प्रयोगाच्या पाठोपाठ कोल्बे अभिक्रिया येते, तीत सोडियम फिनॉक्साइडच्या ऑर्थो जागेवर कार्बन डायऑक्साइड बसतो. मग रायमर-टीमान येते, तीत क्लोरोफॉर्म आणि अल्कलीच्या साहाय्याने त्याच ऑर्थो जागेवर अल्डिहाइड गट बसतो. तिन्हींचे स्पष्टीकरण एकाच आकृतीत उरकले जाते: ऑक्सिजनवरचे इलेक्ट्रॉन वलयात सरकतात, ऑर्थो आणि पॅरा जागी ऋणभार येतो, म्हणून अभिक्रिया तिथे होते. माझे म्हणणे असे, की या आकृतीने एका प्रश्नाचे उत्तर मिळते आणि दुसरा प्रश्न त्याच उत्तराखाली झाकला जातो. वलय इतके सहज का उघडते, हा पहिला प्रश्न. त्यात ऑर्थोच का, हा दुसरा. दोन्हींमधला वाद स्पष्ट व्हावा म्हणून मी तो दोघांच्या तोंडी घातला आहे: सेंद्रिय रसायन शिकवणारे एक प्राध्यापक, आणि त्यांचीच एक जुनी विद्यार्थिनी, जी सॅलिसिलिक आम्लाच्या उत्पादनात काम करते.

सर: मी सुरुवात बंधाच्या लांबीपासून करतो, कारण ती मोजता येते. मिथेनॉलमध्ये कार्बन-ऑक्सिजन बंध 142 पिकोमीटर आहे, फिनॉलमध्ये 136. हा बंध आखूड झाला, म्हणजे त्यात दुहेरी बंधाचा अंश आला. तो आला कुठून? ऑक्सिजनवरची न वापरलेली इलेक्ट्रॉनजोडी वलयाच्या पाय इलेक्ट्रॉनांत मिसळली. आता इलेक्ट्रोफाइल ऑर्थो किंवा पॅरा कार्बनावर आला, की मध्यंतरी जे धनभारित वलय तयार होतं, त्याची एक रचना अशी काढता येते, की धनभार ऑक्सिजनवर जातो आणि तरीही प्रत्येक अणूचं अष्टक पूर्ण राहतं. मेटा जागेवर आला तर ही रचना निघतच नाही. म्हणून ऑर्थो-पॅराचा मार्ग बुटका, चढायला सोपा. आणि फिनॉलमधला प्रोटॉन काढून फिनॉक्साइड केलंस, तर गोष्ट त्याहून पुढे जाते. ऋणभारित फिनॉक्साइडवर इलेक्ट्रोफाइल आला, की मधली अवस्था धनभारित राहतच नाही, ती असते साधं सायक्लोहेक्झाडायइनोन, भार नसलेला कीटोन. भार तयार करायला जी ऊर्जा खर्चावी लागते, ती इथे लागत नाही. कार्बन डायऑक्साइडसारखा अगदी मंद इलेक्ट्रोफाइल, ज्याला बेंझीन ओळखही दाखवत नाही, तो फिनॉक्साइडशी का जुळतो, याचं उत्तर हे आहे. मला यात काही कमी वाटत नाही.

रसायनज्ञ: सर, यात कमी काही नाही, हे मी मानते. पण वर्गात एक शंका हमखास निघते: ऑक्सिजन कार्बनपेक्षा जास्त विद्युतऋण आहे, मग तो इलेक्ट्रॉन ओढून घ्यायला हवा, द्यायला कसा लागला? तुम्ही तिला उत्तर द्या, मग मी माझी शंका काढते.

ही शंका खरी आहे, आणि तिचे उत्तर निरीक्षणातूनच येते. ऑक्सिजन सिग्मा बंधातून इलेक्ट्रॉन ओढतो, हे खोटे नाही. मेटा जागेवर, जिथे रेझोनन्सची मदत पोहोचत नाही, तिथे हायड्रॉक्सिल गट वलयाला किंचित मंदच करतो. म्हणजे दोन्ही परिणाम एकाच अणूत आहेत, आणि ऑर्थो-पॅरा जागांवर पाय इलेक्ट्रॉन देण्याचा परिणाम ओढण्याच्या परिणामाला पार मागे टाकतो. किती मागे? ब्रोमिनेशनचा वेग फिनॉलमध्ये बेंझीनच्या अब्जावधी पट भरतो. वेग इतका, की पाण्यात हात आखडता घेताच येत नाही: एक ब्रोमीन बसल्यावर अभिक्रिया थांबत नाही, तिन्ही बसतात. एकच ब्रोमीन हवा असेल तर पाणी टाळून कार्बन डायसल्फाइडसारखे अध्रुवी द्रावक घ्यावे लागते आणि तापमान खाली ठेवावे लागते. तेव्हा मुख्य उत्पादन मिळते ते पॅरा-ब्रोमोफिनॉल. हा तपशील लक्षात ठेवावा, कारण पुढे त्याचीच गरज पडणार आहे. ऑर्थो जागा दोन आहेत, पॅरा एकच आहे, तरीही मोकळ्या परिस्थितीत पॅरा पुढे राहते.

रसायनज्ञ: माझी शंका नेमकी तिथेच आहे. तुमची आकृती ऑर्थोकडे जितकं बोट दाखवते, तितकंच पॅराकडे दाखवते. तिच्यातून ऑर्थो निवडता येत नाही. निवड करायची झाली तर गर्दी टाळणारा इलेक्ट्रोफाइल पॅराला जावा, आणि ब्रोमीन तसा जातोही. मग कार्बन डायऑक्साइड उलट का वागतो? याचं कारण मला वलयात सापडत नाही, ते ऑक्सिजनच्या शेजारी सापडतं. तिथे हायड्रोजन असेल तर एक गोष्ट, ॲल्युमिनियम असेल तर दुसरी, सोडियम असेल तर तिसरी. तुम्हीच शिकवलं होतं, की फिनॉलवर ॲल्युमिनियम क्लोराइड घेऊन फ्रीडेल-क्राफ्ट्स करायला गेलं तर अडचण येते. वलय तर अतिशय तयार असतं. पण ॲल्युमिनियम क्लोराइड आधी ऑक्सिजनलाच पकडतं, त्याची इलेक्ट्रॉनजोडी अडकवून ठेवतं, आणि तयार वलय मंद पडतं. म्हणजे ऑक्सिजनवर कोण बसलंय, यावर सगळं ठरतं, हे तुम्हाला मान्य आहे. मी तेवढंच पुढे नेते.

सर: मान्य आहे, पण तो अपवाद म्हणून. सोडियम आयन हा साधा प्रेक्षक आहे. तो पाण्यात विरघळून बाजूला होतो.

रसायनज्ञ: कोल्बेच्या अभिक्रियेत पाणीच नसतं सर, आणि नसावं लागतं. तिथे सोडियम बाजूला होणार कुठे?

या मुद्द्यावर थोडे थांबले पाहिजे, कारण कोल्बे-श्मिट अभिक्रियेचा अर्धा अर्थ तिच्या कोरडेपणात आहे. पुस्तकात बाणावर फक्त तापमान आणि दाब लिहिलेले असतात. कार्बन डायऑक्साइडचे दोन चेहरे आहेत. पाण्याबरोबर तो आम्ल होतो. कार्बोनिक आम्लाचा पहिला पीकेए 6.4 च्या आसपास, फिनॉलचा 10. म्हणजे कार्बोनिक आम्ल फिनॉलपेक्षा बरेच तीव्र, म्हणूनच फिनॉल सोडियम बायकार्बोनेटमध्ये विरघळत नाही, आणि सोडियम फिनॉक्साइडच्या पाण्यातल्या द्रावणातून कार्बन डायऑक्साइड सोडला, की फिनॉल तेलासारखे वेगळे होऊन द्रावण गढूळ होते. समीकरण असे:

C₆H₅ONa + CO₂ + H₂O → C₆H₅OH + NaHCO₃

पाणी काढून टाकले, की त्याच कार्बन डायऑक्साइडला प्रोटॉन देता येत नाही. त्याच्याकडे उरतो फक्त इलेक्ट्रॉन-कमी असलेला कार्बन, आणि तोच फिनॉक्साइडच्या वलयाला भिडतो. आता हिशेब बघा. 94 ग्रॅम फिनॉल आणि 40 ग्रॅम सोडियम हायड्रॉक्साइड घेतले, तर 116 ग्रॅम सोडियम फिनॉक्साइड मिळते आणि 18 ग्रॅम पाणी अभिक्रियेतूनच तयार होते. अल्कलीच्या द्रावणात मुळातच असलेले पाणी वेगळेच. हे सगळे पाणी निर्वातात उकळून, भुकटी ढवळत ठेवून काढावे लागते. समजा 1 टक्का पाणी राहिले. 116 ग्रॅमला 1.16 ग्रॅम पाणी, म्हणजे 0.064 मोल. वरच्या समीकरणाप्रमाणे एक मोल पाणी एक मोल फिनॉक्साइड मारते, तेव्हा सुमारे साडेसहा टक्के माल फिनॉल होऊन परत आला. आणि नुकसान तेवढ्यावर थांबेलच असे नाही. तापमान वाढले, की तयार झालेले बायकार्बोनेट फुटू शकते, त्यातून कार्बोनेट, कार्बन डायऑक्साइड आणि पुन्हा पाणी निघते, आणि ते पाणी पुढच्या फिनॉक्साइडला धरते. एक टक्क्याचा ओलावा म्हणजे एक टक्क्याचे नुकसान, असा समज इथे महागात पडतो. भांडे उघडल्यावर फिनॉलचा वास जास्त आला, तर पहिला संशय सुकवणीवर घ्यावा.

सर: कोरडेपणा महत्त्वाचा, हे ठीक. पण कोरडेपणाने फक्त कार्बन डायऑक्साइड इलेक्ट्रोफाइल राहतो. त्यातून ऑर्थो सिद्ध होत नाही.

रसायनज्ञ: कोरडेपणामुळे सोडियमही ऑक्सिजनजवळ राहतो, ते सिद्ध होतं. कोरड्या भुकटीत सोडियमला वेढायला पाण्याचे रेणू नसतात. त्याला ऑक्सिजन हवा असतो. एक त्याला फिनॉक्साइडचा मिळालेला असतो, आणि कार्बन डायऑक्साइड जवळ आला, की त्याचाही एक ऑक्सिजन सोडियम धरतो. एका हाताने फिनॉक्साइड, दुसऱ्या हाताने कार्बन डायऑक्साइड. अशा स्थितीत त्या कार्बनाच्या हातापुरता येणारा वलयाचा कार्बन कोणता? शेजारचा ऑर्थो. सोडियम, दोन ऑक्सिजन आणि तीन कार्बन मिळून सहा जणांचं कडं होतं. पॅरा कार्बन वलयाच्या पलीकडच्या टोकाला आहे, तिथपर्यंत हे कडं पोहोचतच नाही. बरं, हे माझं चित्र असेल तर ते तपासता आलं पाहिजे. सोडियमच्या जागी पोटॅशियम घाला. पोटॅशियम आयन मोठा, त्रिज्या 138 पिकोमीटरच्या आसपास, सोडियमची 102. मोठ्या आयनावरचा भार पसरलेला, पकड ढिली. आणि खरोखर, पोटॅशियम फिनॉक्साइड 200 अंश सेल्सिअसच्या वर कार्बन डायऑक्साइडखाली तापवलं, तर मुख्यतः पॅरा-हायड्रॉक्सिबेंझॉइक आम्ल मिळतं. वलय तेच, फिनॉक्साइड तोच, रेझोनन्सच्या रचना त्याच. बदलला फक्त शेजारी. तुमच्या आकृतीत सोडियम कुठे आहे सर?

सर: तुझा पुरावा चांगला आहे, पण त्यात तू एक गोष्ट गाळतेस. पोटॅशियम फिनॉक्साइड 150 अंशांच्या आसपास ठेवलं, तर त्यातूनही सॅलिसिलिक आम्ल मिळतं. पॅरा येतो तो तापमान वाढवल्यावर. शिवाय तयार पोटॅशियम सॅलिसिलेट घेऊन ते 240 अंशांना तापवलं, तरी ते पॅरा-हायड्रॉक्सिबेंझोएटमध्ये बदलतं, फिनॉल आणि कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतात. म्हणजे कार्बोक्सिल गट बसतो, सुटतो, पुन्हा बसतो. उलटसुलट जाणाऱ्या अभिक्रियेत पहिल्यांदा कोण कुठे भिडला, याला काय किंमत? शेवटी जे स्थिर, ते उरणार. आणि मी म्हणेन, सॅलिसिलेट स्थिर आहे, कारण शेजारच्या हायड्रॉक्सिलचा हायड्रोजन कार्बोक्सिलेटच्या ऑक्सिजनला धरून ठेवतो. सॅलिसिलिक आम्लाचा पीकेए 3 च्या जवळ आहे, पॅरा भावंडाचा 4.6. म्हणजे सॅलिसिलेट हा तिघांत, फिनॉक्साइड, पॅरा-हायड्रॉक्सिबेंझोएट आणि सॅलिसिलेट यांत, सगळ्यांत दुबळा आम्लारी आहे. समतोल त्याच्याकडे झुकतो. यात सोडियमची गरज कुठे आली?

हा आक्षेप जड आहे, आणि त्याला बगल देऊन पुढे जाणे बरे नाही. सरांची दोन्ही निरीक्षणे बरोबर आहेत. अभिक्रिया मागे फिरू शकते, आणि एकच धातू जोडलेले सॅलिसिलेट हायड्रोजन बंधामुळे विशेष स्थिर असते. पण त्यांच्याच युक्तिवादात एक फट आहे. सॅलिसिलेट सर्वांत स्थिर असेल, तर पोटॅशियम सॅलिसिलेट तापवल्यावर पॅराकडे का जाते? याचे उत्तर शोधायला कोल्बेच्या मूळ अडचणीकडे जावे लागते. हेर्मान कोल्बेने 1874 मध्ये जी पद्धत दिली, तीत कोरडे सोडियम फिनॉक्साइड 180 ते 220 अंशांना कार्बन डायऑक्साइडच्या प्रवाहात तापवले जाई. फ्रिड्रिख फोन हायडेनने ड्रेस्डेनजवळ राडेबॉइलला सॅलिसिलिक आम्लाचा कारखाना उभा केला तो या पद्धतीवर. तीत निम्मे फिनॉल अभिक्रिया न होताच ऊर्ध्वपातित होऊन निघून जाई. याचे कारण असे: तयार झालेल्या सोडियम सॅलिसिलेटच्या हायड्रॉक्सिलवरचा प्रोटॉन शेजारचा फिनॉक्साइड काढून घेतो, स्वतः फिनॉल होतो, आणि भांड्यात उरते दोन सोडियम असलेले सॅलिसिलेट. आम्लतेच्या आकड्यांप्रमाणे हे घडायला नको, कारण सॅलिसिलेटमधला तो प्रोटॉन हायड्रोजन बंधात अडकलेला, त्याचा पीकेए 13 च्या वर, फिनॉलचा 10. पण फिनॉल 182 अंशांना उकळते. उघड्या भांड्यात 180 च्या वर ते तयार होता होताच उडून जाते, आणि जे उडून जाते त्याच्या दिशेने समतोल ओढला जातो. 1885 मध्ये रुडॉल्फ श्मिटने कार्बन डायऑक्साइड दाबाखाली, बंद पात्रात, 120 ते 140 अंशांना वापरला. फिनॉलला पळायला वाट राहिली नाही, तापमानही त्याच्या उत्कलनबिंदूच्या खाली राहिले, आणि निम्म्याची मर्यादा मोडली. आज 94 ग्रॅम फिनॉलमागे कागदावर मिळणारे 138 ग्रॅम सॅलिसिलिक आम्ल आवाक्यात येते ते श्मिटच्या बदलामुळे.

पोटॅशियमचे कोडे इथेच सुटते. पोटॅशियम सॅलिसिलेट 240 अंशांना तापवले, की कोल्बेच्या भांड्यातली तीच गोष्ट घडते: फिनॉल निघून जाते आणि दोन पोटॅशियम असलेला क्षार उरतो. या क्षारात हायड्रोजन बंधच नाही, कारण हायड्रोजनच गेला. उरले दोन ऋणभारित गट, एकमेकांना चिकटून. ऑर्थोला शेजारी राहण्यापेक्षा पॅराला दूर राहणे त्यांना परवडते. दोन सोडियम असलेल्या सॅलिसिलेटमध्येही हे दोन ऋणभार असतातच, तरी ते कोल्बेच्या 200 अंशांना ऑर्थोच राहिले, कारण छोटा सोडियम त्या दोघांच्या मध्ये बसून दोघांनाही घट्ट धरतो. मोठ्या पोटॅशियमला ते तितके जमत नाही. तेव्हा सरांचा स्थिरतेचा मुद्दा मान्य केला, तरी स्थिरता कुणाची, हे ठरवताना पुन्हा धातूकडेच वळावे लागते. पहिल्या भिडण्याच्या वेळी जो सोडियम कार्बन डायऑक्साइडला ऑर्थोकडे आणतो, तोच नंतर तयार झालेल्या ऑर्थो उत्पादनाला टिकवतो. वेग आणि स्थिरता, दोन्ही एकाच दिशेला झुकवणारा तो आहे. मधल्या पायऱ्यांबद्दल मतभेद आहेत. सोडियम फिनॉक्साइड आणि कार्बन डायऑक्साइड यांची आधी ऑक्सिजनवर सैल जुळणी होते, हे दिसते. ती जुळणी सरकून ऑर्थोला जाते, की सुटून नवा कार्बन डायऑक्साइड थेट वलयावर येतो, यावर अभ्यासक एकमत नाहीत. पण दोन्ही मतांत सोडियम आहेच.

रसायनज्ञ: आणि कारखान्यात हे ओळखायला मोठी यंत्रं लागत नाहीत. सॅलिसिलिक आम्ल 159 अंशांना वितळतं, पॅरा आम्ल 214 च्या पुढे. फेरिक क्लोराइडचा थेंब टाकला की सॅलिसिलिक आम्लाचा गडद जांभळा रंग येतो, कारण शेजारचे दोन्ही ऑक्सिजन लोहाला मिळून धरतात. पॅरा आम्लात ते दोघे दूर असतात, तिथे तो जांभळा रंग येत नाही. लोह इथे जे करतं, तेच सोडियम भट्टीत करतो.

सर: कोल्बेचं तू जिंकलंस, असं समज. पण मग रायमर-टीमानचं काय करशील? 1876 मधली ती अभिक्रिया पाण्यातच होते. फिनॉल, सोडियम हायड्रॉक्साइडचं तीव्र द्रावण, क्लोरोफॉर्म, 60-70 अंश. भोवती पाणीच पाणी. सोडियम पाण्याच्या रेणूंनी वेढलेला. तुझं ते सहा जणांचं कडं तिथे कसं होणार? आणि तरीही उत्पादन सॅलिसिल्डिहाइड, म्हणजे ऑर्थोच. शिवाय इथे पाणी चालतं, कोल्बेला चालत नाही, हेही सांग.

पाण्याचा प्रश्न आधी घेऊ. कोल्बेत पाणी बाधते कारण कार्बन डायऑक्साइड पाण्यासोबत आम्ल होऊन फिनॉक्साइडला प्रोटॉन देतो. इथे द्रावण स्वतःच प्रखर अल्कली आहे, त्यात फिनॉक्साइडला प्रोटॉन देणारा कुणी उरत नाही. उलट हायड्रॉक्साइडची गरजच आहे: ते क्लोरोफॉर्मचा प्रोटॉन काढते, मागे राहिलेला ट्रायक्लोरोमिथाइल ऋणायन एक क्लोराइड सोडतो, आणि डायक्लोरोकार्बीन तयार होते. क्लोरोफॉर्मच्या जलविघटनात हे कार्बीन मधली पायरी असते, हे जॅक हाइनने 1950 मध्ये दाखवले. कार्बीनच्या कार्बनाजवळ फक्त सहा इलेक्ट्रॉन असतात, म्हणून भार नसतानाही ते भुकेला इलेक्ट्रोफाइल ठरते. ते वलयाला भिडते, डायक्लोरोमिथाइल गट बसतो, मग शेजारच्या ऋणभारित ऑक्सिजनच्या रेट्याने दोन्ही क्लोरीन सुटतात, त्या जागी पाणी येऊन अल्डिहाइड उरतो. पाणी इथे फिनॉक्साइडला मारत नसले, तरी ते आणि हायड्रॉक्साइड मिळून कार्बीन मात्र खातात. उत्पादन कमी येण्याचे हे एक मोठे कारण, आणि बरेच फिनॉल तसेच परत मिळते. क्लोरोफॉर्म एकदम ओतू नये, थोडे थोडे घालावे, कारण अभिक्रिया उष्णता सोडते आणि क्लोरोफॉर्म 61 अंशांनाच उकळते.

रसायनज्ञ: आता ऑर्थोकडे येते. सर, रायमर-टीमान 'ऑर्थोच' देते, हे पुस्तकातलं वाक्य आहे, भांड्यातलं नाही. अभिक्रिया संपल्यावर जास्तीचं क्लोरोफॉर्म काढून द्रावण आम्ल करा आणि त्यातून वाफ सोडा. सॅलिसिल्डिहाइड वाफेबरोबर निघून येतं, कारण त्याचा हायड्रोजन बंध रेणूच्या आतल्या आत मिटलेला असतो. मग मागे राहिलेलं गरम द्रावण गाळून थंड करा. त्यातून पॅरा-हायड्रॉक्सिबेंझाल्डिहाइड बाहेर पडतं. ते असतंच. ऑर्थो साधारण त्याच्या दुप्पट-तिप्पट. आता ऑर्थो जागा दोन आणि पॅरा एक, हे लक्षात घ्या. नुसत्या जागांच्या मोजणीनेच दुप्पट भरलं. त्याच्यावर जो थोडा झुकाव उरतो, तो ऑक्सिजनजवळच्या सैल सोडियमचा असेल, पाण्याच्या हायड्रोजन बंधांचा असेल. पण कोल्बेसारखी एकतर्फी निवड इथे नाहीच. कडं सैल झालं, तशी निवडही सैल झाली. तुमचा आक्षेप माझ्या बाजूचा साक्षीदार निघाला.

सर: म्हणजे कार्बीन पॅरा जागेवर सहज भिडतं, असं तुझं म्हणणं. ते फक्त शिल्लक मालावरून सांगतेस, की आणखी काही आहे?

रसायनज्ञ: आहे. पॅरा-क्रेसॉल घ्या. पॅरा जागेवर मिथाइल गट आधीच बसलेला, तिथून बाहेर पडायला हायड्रोजनच नाही. कार्बीनला पॅरा नको असतं, तर त्याने फक्त ऑर्थो अल्डिहाइड दिला असता. तो मिळतो, पण त्याच्यासोबत एक वेगळंच संयुग मिळतं: त्या पॅरा कार्बनावर मिथाइल आणि डायक्लोरोमिथाइल दोन्ही बसलेलं सायक्लोहेक्झाडायइनोन. तुम्ही सुरुवातीला ज्या भार नसलेल्या मधल्या अवस्थेबद्दल बोललात, तीच ही. हायड्रोजन नसल्याने तिला पुन्हा सुगंधी वलय होता येत नाही, म्हणून ती बाटलीत भरून ठेवता येते. तुमच्या रेझोनन्सचा यापेक्षा चांगला पुरावा मला माहीत नाही, आणि कार्बीन पॅराला जातं याचाही. दुसरं, बीटा-सायक्लोडेक्स्ट्रिनच्या पोकळीत फिनॉक्साइड बसवून हीच अभिक्रिया केली, तर उत्पादन जवळजवळ सगळं पॅरा येतं. भोवताल बदलला, जागा बदलली. आणि ग्वायकॉलवर ही अभिक्रिया करून रायमरने 1876 मध्येच व्हॅनिलिन मिळवलं होतं. व्हॅनिलिनमध्ये अल्डिहाइड गट हायड्रॉक्सिलच्या पॅरा जागेवर असतो.

सर: हे मी असं मांडतो, आणि तू हरकत घे. फिनॉक्साइडचं वलय तीन दारं उघडतं, ते ऑक्सिजनच्या इलेक्ट्रॉनांमुळे. येणारा कुठल्या दाराने आत जाईल, ते माझी आकृती सांगत नाही.

रसायनज्ञ: हरकत नाही. फक्त सोडियमला प्रेक्षक म्हणू नका.

इथे सरांनी जे सोडले आणि जे राखले, ते दोन्ही योग्य आहे, असे मला वाटते. रेझोनन्स हटवला, तर कार्बन डायऑक्साइडसारख्या मंद इलेक्ट्रोफाइलने वलयावर बसण्याचा मार्गच उरत नाही. सोडियम कितीही जवळ असला, तरी बेंझीनवर तो काही करू शकत नाही. पण नुसत्या रेझोनन्सने सॅलिसिलिक आम्ल समजावून सांगणे म्हणजे पॅरा-हायड्रॉक्सिबेंझॉइक आम्ल समजावून सांगता न येणे. ते आम्लही कुठल्या कोपऱ्यातली दुर्मीळ गोष्ट नाही. मिथाइल आणि प्रोपिल पॅराबेन, जी सौंदर्यप्रसाधनांत आणि औषधांत टिकवण्यासाठी घालतात, ती त्याचेच एस्टर आहेत, आणि ते आम्ल येते पोटॅशियम फिनॉक्साइडपासून.

बारावीला आणि पदवीला शिकवणाऱ्यांना म्हणून एक विनंती. कोल्बे अभिक्रिया फळ्यावर काढताना ऑक्सिजनशेजारी सोडियम लिहा, त्याच्यापासून कार्बन डायऑक्साइडच्या ऑक्सिजनपर्यंत तुटक रेघ ओढा, आणि बाणावर तापमान, दाब यांच्यासोबत 'पाण्याशिवाय' हा शब्दही लिहा. मग प्रश्नपत्रिकेत सोडियमऐवजी पोटॅशियम देऊन तापमान 220 अंश करा आणि उत्पादन विचारा. केवळ आकृती पाठ केलेला विद्यार्थी सॅलिसिलिक आम्ल लिहील, ज्याला अभिक्रिया समजली आहे तो पॅरा लिहील.